टेनिस एल्बो: इंजेक्शन की व्यायाम? कंडरेत काय बिघडतं इथपासून बारा आठवड्यांच्या कार्यक्रमापर्यंत

टेनिस एल्बोसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्या माणसाला सहा आठवड्यांनी विचारलं, तर तो बहुतेक वेळा खूश असतो. त्यालाच वर्षाने विचारलं तर चित्र उलटतं. ज्यांनी इंजेक्शन घेतलं नाही, फक्त हात जपला आणि वाट पाहिली, ते त्याच्यापेक्षा बरे निघतात. नीट आखलेल्या चाचण्यांमधून ही गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे, तरी दवाखान्यात निर्णय घेताना तिचा विचार अजून कमीच होतो. दुखणारा माणूस पुढच्या आठवड्याचा विचार करतो, वर्षाचा नाही, आणि त्यात त्याचं काही चूक नाही. पण निर्णय घेण्याआधी दोन्ही टोकं माहीत असावीत. शिवाय व्यायाम करायचा ठरवलाच, तर तो नेमका कसा, किती वजनाने आणि दुखल्यावर काय करून, हेही माहीत असावं.

दुखतं नेमकं कुठे, आणि मूठ वळल्यावर का

कोपराच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा जो उंचवटा हाताला लागतो, तिथून मनगट आणि बोटं मागे उचलणाऱ्या स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारे चिवट दोर, सुरू होतात. त्यांपैकी बहुतेक वेळा बिघडते ती एक्स्टेन्सर कार्पी रेडिआलिस ब्रेव्हिस या लांबलचक नावाच्या स्नायूची कंडरा. पुढे तिला ईसीआरबी म्हणू. ती इतर कंडरांच्या खाली, सांध्याच्या पडद्याला चिकटून असते. कोपर सरळ होताना तिची खालची बाजू हाडाच्या कडेवर घासली जाते. बिघाड वरच्या बाजूपेक्षा खोल बाजूला जास्त सापडतो, त्याचं हे एक संभाव्य कारण.

मनगट उचलणारा स्नायू आणि दुखणं वस्तू धरताना, हे पुष्कळांना कोड्यात टाकतं. डावा पंजा उजव्या हाताच्या मागच्या बाजूला, कोपराच्या जरा खाली ठेवा आणि उजवी मूठ घट्ट आवळा. बोटं मिटणारे स्नायू हाताच्या दुसऱ्या बाजूला आहेत, तरी तुमच्या डाव्या तळव्याखालचा स्नायू कडक झालेला लागेल. बोटं मिटणाऱ्या कंडरा मनगटावरून जातात, त्यामुळे एकट्याने काम केलं तर त्या मनगटही वाकवतील आणि पकड ढिली पडेल. ते होऊ नये म्हणून मागचे स्नायू मनगट मागे धरून ठेवतात. म्हणजे प्रत्येक पकड हा ईसीआरबीवरचा भार आहे. 'मी तर काही जड उचलत नाही' म्हणणाऱ्या माणसाचाही हात दिवसभर घट्ट धरण्याचं काम करत असतो.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसतं

निरोगी कंडरेत पहिल्या प्रकारच्या कोलॅजनचे जुडगे एकमेकांना समांतर, विंचरलेल्या केसांसारखे पडलेले असतात. त्यांच्यामध्ये चपट्या पेशींच्या विरळ ओळी असतात आणि रक्तवाहिन्या मोजक्याच. शस्त्रक्रियेत काढलेला बिघडलेला भाग उघड्या डोळ्यांनाही वेगळा दिसतो: करडा, चमक गेलेला, पाणी धरलेला आणि ठिसूळ. सूक्ष्मदर्शकाखाली कोलॅजनचे जुडगे तुटलेले आणि वेडेवाकडे दिसतात. पहिल्याऐवजी तिसऱ्या प्रकारचं, तुलनेने कच्चं कोलॅजन वाढलेलं असतं. मधली जागा पाणी धरणाऱ्या प्रोटिओग्लायकॅन रेणूंनी भरते. पेशी चपट्या न राहता गोलसर, फुगलेल्या आणि संख्येने जास्त होतात, आणि जिथे रक्तवाहिन्या नव्हत्या तिथे नव्या, बारीक वाहिन्या शिरतात.

रॉबर्ट निर्शल आणि फ्रँक पेट्रोन यांनी १९७९ साली या चित्राला अँजिओफायब्रोब्लास्टिक हायपरप्लेशिया असं नाव दिलं. त्यातली मोठी गोष्ट म्हणजे तीव्र दाहाच्या पेशी तिथे जवळपास नव्हत्या. तोवर सगळे या दुखण्याला कंडरेचा दाह म्हणत होते आणि दाह म्हटल्यावर दाहनाशक औषध टोचणं ओघाने आलंच. ऊतीत मात्र दाहापेक्षा अर्धवट राहिलेली, फसलेली दुरुस्ती दिसत होती.

पुढे काही वर्षं 'इथे दाह मुळीच नसतो' असंही ठासून सांगितलं गेलं. ते दुसरं टोक झालं. नंतरच्या खास रंगवण्याच्या पद्धतींनी कंडरांत मॅक्रोफेज आणि मास्ट या दाहाशी संबंधित पेशी सापडल्या. नव्या वाहिन्यांभोवती सबस्टन्स पी हे वेदनेशी संबंधित रसायन असलेले मज्जातंतू सापडले आणि ईसीआरबीमध्ये ग्लुटामेटचं प्रमाण वाढलेलं आढळलं. वेदना येते कुठून याचं आजचं उत्तर बरंचसं या रसायनांत आणि मज्जातंतूंत आहे.

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. हे नमुने बहुतेक शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेल्या, महिनोन्‌महिने न बऱ्या झालेल्या रुग्णांचे आहेत. सहा आठवड्यांपूर्वी दुखू लागलेल्या कोपरात नेमकं हेच चित्र असेल असं गृहीत धरता येत नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये दिसणारा बिघाड आणि वेदना यांचाही मेळ कच्चा आहे: काहीच न दुखणाऱ्या कोपरांतही कंडरा जाड किंवा काळपट दिसते. रिपोर्टमध्ये 'अंशतः फाटली आहे' असं आलं म्हणून लगेच घाबरायचं कारण नाही.

या चित्रातून उपचाराबद्दल दोन गोष्टी निघतात. स्टिरॉइड वेदना घडवणाऱ्या रसायनांना आणि पेशींच्या हालचालीला दाबतं, त्यामुळे दुखणं झपाट्याने उतरतं. पण प्रयोगशाळेत तेच औषध कंडरेच्या पेशींची वाढ आणि कोलॅजनची निर्मितीही कमी करतं. कंडरा तितकीच कच्ची राहते आणि थांबवणारी वेदना मात्र गेलेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे कंडरेच्या पेशी भाराला प्रतिसाद देतात, म्हणून मोजून दिलेला, हळूहळू वाढवलेला भार हे उपचाराचं साधन ठरू शकतं. दोन्ही तर्क पटण्यासारखे आहेत, पण तर्कावर उपचार ठरत नाही. ते काम चाचण्यांचं.

आधी खात्री: हेच आहे ना?

तीन तपासण्या पुरतात. कोपर सरळ, तळवा खाली, मूठ मिटलेली ठेवून मनगट वर उचला आणि दुसऱ्याने ते खाली दाबावं. मग बोटं सरळ ठेवून फक्त मधलं बोट वर धरा आणि ते दाबावं. शेवटी हाडाच्या त्या उंचवट्यावर आणि त्याच्या किंचित पुढे-खाली बोटाने दाबून पाहावं. तिन्ही वेळा ओळखीची, नेहमीचीच कळ त्याच जागी आली, तर निदान जवळपास पक्कं. एक्स-रे किंवा एमआरआय सुरुवातीला लागत नाही.

फसवणारी दुखणीही आहेत. दाबल्यावरची कमाल वेदना उंचवट्यावर न येता तीन-चार सेंटिमीटर खाली, स्नायूच्या पोटात येत असेल आणि रात्रीही ठणकत असेल, तर रेडियल मज्जातंतू दाबला गेल्याची शंका घ्यावी. मान वळवल्यावर दुखणं वाढत असेल किंवा हातात मुंग्या येत असतील तर मानेतली नस तपासावी. कोपर अडकत असेल, खटखटत असेल, किंवा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठताना निसटल्यासारखं वाटत असेल, तर सांधा किंवा बाहेरचा अस्थिबंध पाहावा लागतो. कोपर सुजलेलं, गरम किंवा लाल असेल, ताप असेल, किंवा मार लागल्यावर अचानक ताकद गेली असेल, तर हा लेख बाजूला ठेवून डॉक्टरकडे जावं.

इंजेक्शनचे आकडे

सगळ्यात बोलका पुरावा ऑस्ट्रेलियातल्या बिसेट आणि सहकाऱ्यांच्या २००६ सालच्या चाचणीचा आहे. त्यांनी १९८ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्याला १० मिलिग्रॅम ट्रायमसिनोलोन भूल देणाऱ्या औषधाबरोबर टोचलं. दुसऱ्याला सहा आठवड्यांत फिजिओथेरपीच्या आठ बैठका दिल्या, त्यात हाताने केलेले उपचार आणि व्यायाम होते. तिसऱ्याला सल्ला देऊन वाट पाहायला सांगितलं. सहा आठवड्यांनी 'पूर्ण बरं' किंवा 'खूप बरं' म्हणणारे इंजेक्शन गटात ७८ टक्के, फिजिओथेरपी गटात ६५ टक्के आणि वाट पाहणाऱ्यांत २७ टक्के होते. इथेच थांबलो तर इंजेक्शन जिंकलं.

वर्षाने हेच आकडे अनुक्रमे ६८, ९४ आणि ९० झाले. इंजेक्शन घेऊन आधी सुधारलेल्या रुग्णांपैकी बऱ्याच जणांचं दुखणं परत आलं होतं. त्या गटात उलटण्याचं प्रमाण ७२ टक्के होतं. नेदरलँड्समधल्या स्मिट आणि सहकाऱ्यांच्या २००२ सालच्या चाचणीतही तोच आकार दिसला: सहा आठवड्यांना इंजेक्शन ९२ टक्के आणि वाट पाहणं ३२ टक्के, वर्षाला ६९ आणि ८३.

यावर एक रास्त आक्षेप असा, की रुग्णाला आपल्याला काय दिलं ते माहीत होतं. शिवाय इंजेक्शनने बरं वाटल्यामुळे त्यांनी हात जास्त वापरला असेल, मग दोष औषधाचा की वापराचा? २०१३ साली कूम्ब्स आणि सहकाऱ्यांनी १६५ रुग्णांत याची निम्मी उकल केली. काहींना खरं स्टिरॉइड आणि काहींना सलाइन टोचलं, रुग्णाला काय टोचलं ते न सांगता. वर्षाने स्टिरॉइड गटात ८३ टक्के आणि सलाइन गटात ९६ टक्के बरे होते. दुखणं उलटलेले ५४ टक्के आणि १२ टक्के. सुई दोघांना टोचली होती आणि अपेक्षा दोघांची सारखी होती. फरक औषधाचाच होता. औषधाने कंडरा कच्ची केली की वेदना दाबून हात जास्त वापरायला लावला, हे या चाचणीतून वेगळं काढता येत नाही.

स्टिरॉइडचे इतर त्रासही सांगून टाकावेत. उंचवट्यावर चरबी कमी असते, त्यामुळे औषध वरच्या थरात पडलं तर त्वचा पांढुरकी पडते आणि खड्डा पडतो. हा डाग महिनोन्‌महिने राहतो. मधुमेह असेल तर पुढचे काही दिवस साखर वाढते, म्हणून ती रोज मोजावी. पहिले एक-दोन दिवस दुखणं उलट चढतं, हे माहीत नसलेला माणूस घाबरून दुसरं इंजेक्शन मागतो. वारंवार टोचण्याने कंडरा किंवा बाहेरचा अस्थिबंध फाटण्याचा धोका वाढतो.

रुग्णाच्याच रक्तातून काढलेल्या प्लेटलेटच्या इंजेक्शनची, म्हणजे पीआरपीची, गोष्ट वेगळी आहे. २०१० साली पीरबूम्स आणि सहकाऱ्यांनी १०० रुग्णांत ते स्टिरॉइडपेक्षा सरस ठरल्याचं सांगितलं आणि ते झपाट्याने पसरलं. पण वर्षाच्या हिशेबात स्टिरॉइड स्वतःच नुकसान करत असेल, तर त्याच्यापेक्षा सरस ठरणं म्हणजे फारसं काही नाही. सलाइनशी तुलना केली तेव्हा फरक विरला. २०२१ सालच्या कॉक्रेन आढाव्याने ३२ चाचण्या तपासून निष्कर्ष काढला, की पीआरपी किंवा स्वतःच्या रक्ताचं इंजेक्शन तीन महिन्यांनी दुखण्यात वा कामात जाणवण्याजोगा फायदा बहुधा देत नाही. यावर पैसे घालण्याआधी हा निष्कर्ष माहीत असावा.

व्यायामाचा पुरावा, फुगवून न सांगता

व्यायामाने कंडरा नव्यासारखी होते, असा दावा पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतो. चाचण्या इतक्या उदार नाहीत. कूम्ब्स यांच्याच चाचणीत फिजिओथेरपीने चार आठवड्यांना, स्टिरॉइड न घेतलेल्या रुग्णांत, स्पष्ट फायदा दिला (३९ टक्के विरुद्ध १० टक्के). वर्षाला मात्र ती न घेणारेही तिथेच पोहोचले होते. स्वीडनमध्ये पीटरसन आणि सहकाऱ्यांनी घरच्या घरी वाढत्या वजनाचा कार्यक्रम दिला, तेव्हा वाट पाहणाऱ्यांपेक्षा दुखणं लवकर उतरलं. त्याच गटाच्या पुढच्या चाचणीत वजन फक्त हळू खाली सोडणारे, फक्त वर उचलणाऱ्यांपेक्षा थोडे लवकर सुधारले. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या की फायदा दिसतो, पण तो लहान असतो आणि पुराव्याची खात्रीही कमी असते.

मग व्यायाम का? आमच्या मते तीन कारणांसाठी. पहिले काही महिने तो थोडा लवकर आराम देतो. वर्षाला नुकसान करत नाही. आणि कामावर परतताना किती भार सोसतो हे मोजायची शिडी हातात देतो. इंजेक्शनकडून यातलं फक्त पहिलं मिळतं.

बारा आठवड्यांचा कार्यक्रम

आधी मोजमाप करा. कोपर सरळ, तळवा खाली ठेवून पकड मोजणारं यंत्र हळूहळू आवळा आणि दुखायला *सुरुवात* होताच थांबा. तीनदा करा, मध्ये एक मिनिट विश्रांती, आणि सरासरी लिहा. यंत्र नसेल तर रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून २० मिमी पाऱ्यापर्यंत फुगवा, आवळा आणि दुखू लागतानाचा आकडा टिपा. दुसऱ्या हाताचाही आकडा हवा. शक्य असेल तर पीआरटीईई ही पंधरा प्रश्नांची प्रश्नावली भरा. ती शून्य ते शंभर असते, शून्य म्हणजे काहीच त्रास नाही. त्यात साधारण ११ गुणांचा फरक पडला तर रुग्णाला सुधारणा जाणवते.

मग कामातला भार छाटा, पण हात बांधून ठेवू नका. पूर्ण विश्रांतीने दुखणं थांबतं आणि कंडरा आणखी कमकुवत होते. वस्तू तळवा खाली करून, हात लांब करून उचलण्याऐवजी तळवा वर करून आणि कोपर अंगाजवळ ठेवून उचला. भार पुढच्या स्नायूंवर जातो. हत्यारांच्या मुठी जाड करा. पट्टा वापरायचा असेल तर तो उंचवट्यावर नको, त्याच्या दोन बोटं खाली, स्नायूच्या पोटावर बांधा. बोटांत मुंग्या आल्या तर तो फार घट्ट आहे.

पहिले दोन आठवडे हालचाल न करता धरून ठेवायचा व्यायाम. टेबलावर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टेकवा, कोपर काटकोनात, तळवा खाली आणि पंजा कडेच्या बाहेर. मनगट सरळ रेषेत ठेवून वजन ३० ते ४५ सेकंद धरा. मग एक-दोन मिनिटं सोडा. असं चार-पाच वेळा, दिवसातून एक-दोनदा. पायाच्या कंडरांबद्दल ऐकलेला 'जोरात धरून ठेवा, वेदना विझते' हा मंत्र इथे लावू नये. टेनिस एल्बोमध्ये वेदनेची मर्यादा ओलांडून धरलं तेव्हा दुखणं लगेच वाढलेलं आढळलं आहे. म्हणून वजन इतकंच, की वेदना दहापैकी तीनच्या वर जाऊ नये.

तिसऱ्या आठवड्यापासून हालचाल सुरू होते. त्याच स्थितीत चार सेकंदांत मनगट वर न्या आणि चार सेकंदांत खाली सोडा. पंधरा वेळांचे तीन संच, रोज एकदा, संचांमध्ये एक-दोन मिनिटं. वर नेताना दुखत असेल तर दुसऱ्या हाताने पंजा वर न्या आणि फक्त खाली सोडणं दुखऱ्या हाताने करा. हँडल असलेला पाण्याचा कॅन सगळ्यात सोयीचा, कारण १०० मिलिलिटर पाणी म्हणजे १०० ग्रॅम. पीटरसन यांच्या कार्यक्रमात स्त्रियांची सुरुवात १ किलोने, पुरुषांची २ किलोने आणि वाढ आठवड्याला १०० ग्रॅम होती. दुखणं ताजं असेल तर त्याच्या निम्म्याने सुरू करावं. वजन घट्ट धरण्यानेच दुखत असेल तर पंजाभोवती बांधायचा वजनाचा पट्टा घ्या.

सातव्या-आठव्या आठवड्यापासून वजन वाढवून आठ ते दहा वेळांचे तीन संच, एक दिवसाआड. याच टप्प्यात कोपर हळूहळू सरळ करत तोच व्यायाम करा, कारण दुखणं येतं तेच सरळ कोपरावर. हातोडी टोकाला धरून तळवा वर-खाली फिरवण्याचा व्यायाम इथेच जोडा. दहाव्या आठवड्यापासून कामातली खरी हालचाल मोजून परत आणायची.

मधल्या चुका बहुतेक ठरलेल्याच असतात. हात टेबलावरून उचलला जातो आणि खांदा काम करू लागतो. खाली सोडताना चार सेकंदांचा एक सेकंद होतो, मग वजन नुसतं पडतं. बोटं ताणून उघडी राहिली तर भार बोटांच्या स्नायूंवर सरकतो. ती सैल मिटलेली हवीत. आणि सगळ्यात नेहमीची चूक म्हणजे ताण देण्याचा अतिरेक. कोपर सरळ करून मनगट जोराने खाली वाकवणं लोकांना औषधासारखं वाटतं, पण त्या स्थितीत कंडरेची बिघडलेली खालची बाजू हाडावर दाबली जाते. दुखणं ताजं असताना ते सोडून दिलं तरी काही बिघडत नाही.

वजन वाढवायचं की नाही हे व्यायाम करतानाच्या वेदनेपेक्षा दुसऱ्या सकाळी ठरवा. व्यायामाच्या वेळी तीनपर्यंत दुखलं आणि सकाळी पूर्वस्थितीला आलं, तर भार योग्य. सकाळीही जास्त दुखत असेल किंवा बिनवेदना पकड कमी आली असेल, तर आदल्या दिवशीचा भार जास्त झाला. मग तो भार व्यायामाचा होता की कामाचा, ते शोधावं. बहुतेक वेळा कामाचाच निघतो.

एक नमुना

सुतारकाम करणारा ४४ वर्षांचा माणूस घेऊ. आठवडाभर हाताने स्क्रू पिळल्यावर उजवं कोपर दुखायला लागलं, त्याला आठ आठवडे झाले. मधुमेह नाही, मान स्वच्छ, तिन्ही तपासण्यांत ओळखीची कळ. बिनवेदना पकड उजवीकडे १२ किलो, डावीकडे ३८. प्रश्नावलीत ५२ गुण.

पहिल्या दिवशी वजन ठरवलं: १ किलो धरून वेदना तीन आणि सकाळी काही नाही, दीड किलोला वेदना पाच आणि सकाळी कोपर जड. म्हणून १ किलो. स्क्रू पिळण्याचं काम यंत्राकडे गेलं, रंधा मारणं अर्ध्यावर आलं. दोन आठवडे धरून ठेवण्याचा व्यायाम झाला. तिसऱ्या आठवड्यात १ किलोनेच हालचाल सुरू, मग आठवड्याला २०० ग्रॅम वाढ. सहाव्या आठवड्याला तो १.६ किलोवर आला, पकड २१ किलो झाली आणि इथेच नेहमीचा अपघात घडला. बरं वाटतंय म्हणून त्याने एक दिवस पूर्ण वेळ जुनी लाकडी फळ्यांची जमीन उखडली. रात्री वेदना सात, सकाळी पकड १३.

अशा वेळी लोक दोन टोकं गाठतात. एकतर आठवडाभर सगळं बंद करतात, किंवा इंजेक्शन घेतात. याने दोन दिवस फक्त हलकं धरून ठेवलं, तिसऱ्या दिवशी दोन पायऱ्या खाली, म्हणजे १.२ किलोवर परत गेला, आणि सुमारे दहा दिवसांत पकड पुन्हा २१ वर आली. उसळी म्हणजे कंडरा फाटली असं नव्हे. दोन-तीन दिवसांत उतरू लागली तर ती फक्त भाराची नोंद आहे. आठवडाभर जराही उतरली नाही तर पुन्हा तपासून घ्यावं.

बाराव्या आठवड्याला वजन २.२ किलो, पकड ३१, प्रश्नावली १८. फरक ३४ गुणांचा, म्हणजे ११ च्या मर्यादेच्या कितीतरी वर. दुसऱ्या हाताच्या सुमारे ८० टक्के पकड आल्यावर हाताने स्क्रू पिळणं रोज पंधरा मिनिटांनी सुरू केलं आणि आठवड्याला दहा मिनिटांनी वाढवलं. व्यायाम आठवड्यातून दोनदा, आणखी तीन महिने. दुखणं थांबल्याच्या दिवशी व्यायामही थांबवणारे पुन्हा येतात.

इंजेक्शन तरीही घ्यायचं असेल

कधी कधी माणसाला पुढचे चार आठवडे काढायचेच असतात: परीक्षेचं लेखन, हातातली अंगावर घेतलेली कामं, आजारी माणसाची उचलाठेव. वर्षाची किंमत समजून कोणी ते स्वीकारलं तर तो त्याचा निर्णय. मग एकच घ्यावं. पुढचे दोन आठवडे जड काम बंद ठेवावं आणि भार वेदनेवरून नव्हे, तर वरच्या शिडीवरून वाढवावा, कारण वेदनेची खूण आता भरवशाची नाही. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुखणं परतलं तर दुसरं इंजेक्शन घेऊ नये. आधीच दोन-तीन झाली असतील आणि कोपर निसटल्यासारखं वाटत असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी अस्थिबंध तपासून घ्यावा.

व्यायाम नीट करूनही बारा आठवड्यांना काहीच हललं नाही तर घाई नको. उपचार न घेतलेल्या किंवा सलाइन मिळालेल्या रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या, तर उरलेल्या रुग्णांपैकी साधारण निम्म्यांचा त्रास दर तीन महिन्यांच्या आसपास संपत जातो, आणि वर्षाला दहापैकी नऊ जण बरे झालेले असतात. बरेच दिवस दुखतंय म्हणून पुढे बरं होणार नाही, असं या नोंदींत दिसत नाही. सहाव्या महिन्याला निदान पुन्हा तपासावं: मज्जातंतू, मान, सांधा. शस्त्रक्रियेचा विचार त्यानंतर, आणि तोही हे ठाऊक असताना: २०१८ साली क्रोस्लाक आणि मरेल यांनी २६ रुग्णांत निर्शल यांची शस्त्रक्रिया आणि फक्त त्वचेला चीर देणं यांची तुलना केली. बिघडलेला भाग कापून काढलेल्यांत आणि न काढलेल्यांत फरक सापडला नाही, दोन्ही गट सुधारले. चाचणी लहान आहे, पण शल्यविशारदासमोर बसल्यावर विचारायचा पहिला प्रश्न तिच्यातून मिळतो: माझ्या कोपरात असं काय आहे, जे फक्त वाट पाहून बरं होणार नाही?